चार वर्षं कुठे गेली?

*“वडिलांनी 36 वर्षांपूर्वी 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावरची सदनिका घेतली. ती आता मला विकायची आहे. माझ्या हिशोबाने अजून 63 वर्षं आहेत. एका गिऱ्हाइकाला 20 वर्षांचं कर्ज हवं होतं, तर बँक म्हणाली मुदत कमी पडते. दुसरा एक जण रोखीने घ्यायला तयार आहे, पण शेजारच्या फ्रीहोल्ड इमारतीतल्या तशाच घरापेक्षा 20 टक्के कमी देतो. मग हे घर आमचं आहे की नाही? 99 वर्षं भरली की नेमकं काय होतं? आणि आता विकू, की मुदत वाढवून घेऊ? दस्ताच्या दोन पानांचे फोटो जोडले आहेत.”*

ताई, आधी फोटोंकडे वळतो, कारण बँकेच्या नकाराचं कोडं तिथेच सुटतंय. पहिल्या फोटोत मुदतीचं कलम आहे. 99 वर्षं “जमिनीचा ताबा दिल्याच्या तारखेपासून” मोजायची असं त्यात लिहिलंय, आणि ती तारीख तुमच्या वडिलांच्या खरेदीच्या चार वर्षं आधीची आहे. जमीन पट्ट्याने दिली, मग पाया खणला, मजले चढले, मग सदनिका विकायला निघाल्या. वडिलांनी किल्ली हातात घेतली तेव्हा घड्याळ चार वर्षं आधीच सुरू झालेलं होतं. तुमच्याकडे 63 नाहीत, 59 वर्षं आहेत.

चार वर्षांनी काय बिघडतं, असं वाटेल. बँका घर तारण घेताना एवढंच बघत नाहीत की कर्ज फिटेपर्यंत पट्टा पुरतोय का. शेवटचा हप्ता भरून झाल्यावरही ठरावीक वर्षं शिल्लक राहिली पाहिजेत अशी त्यांची अट असते, कारण मधेच हप्ते थकले तर ते घर विकून पैसे वसूल करायचे असतात आणि तेव्हाच्या गिऱ्हाइकालाही कर्ज मिळायला हवं. ही शिल्लक प्रत्येक बँक आपापली ठरवते. तुमच्या गिऱ्हाइकाच्या बँकेने 40 वर्षं मागितली असतील तर 20 अधिक 40, म्हणजे 60 वर्षांचा पट्टा लागतो. 63 वर बसलं असतं, 59 वर एका वर्षाने हुकलं. गिऱ्हाइकाला बँकेकडून ही अट लेखी घ्यायला सांगा. शिल्लक खरंच 40 वर्षांची निघाली, तर तोच माणूस 18 वर्षांचं कर्ज घेऊन तुमचं घर घेऊ शकतो, आणि मग रोखवाल्याच्या दारात जायची गरजच राहणार नाही.

आता घर कुणाचं, ते. फ्रीहोल्डमध्ये जमीन आणि तिच्यावरचं बांधकाम तुमचं, आणि त्या मालकीला शेवटची तारीख नाही. लीजहोल्डमध्ये तुम्ही विकत घेता ती मोजून दिलेली वर्षं. त्या वर्षांत तुम्ही राहू शकता, भाड्याने देऊ शकता, विकू शकता, मृत्युपत्राने देऊ शकता, गहाण टाकू शकता; अर्थात दस्तात जमीनमालकाची परवानगी लागेल असं लिहिलं असेल तर ती घेऊन. म्हणून “घर आमचं” हे खोटं नाही. पण त्याच घराचा दुसरा तुकडा दुसऱ्याच्या नावावर आहे. मुदत भरली की सगळं परत घेण्याचा जमीनमालकाचा हक्क, त्याला आपण परतीचा हक्क म्हणू. तोही आजच विकला जातो, वारशाने जातो, त्यालाही किंमत असते. तुमचा पट्टा आणि त्याचा परतीचा हक्क मिळून एक पूर्ण घर होतं. फ्रीहोल्डवाल्याच्या खिशात दोन्ही तुकडे असतात, एवढाच काय तो फरक.

पट्टा म्हणजे फसवणूक असा एक समज आहे, तो मला पटत नाही. मजल्यावर मजले असलेल्या इमारतीत सामाईक छप्पर, जिना, गटार यांची जबाबदारी एका मालकाकडून पुढच्या मालकाकडे बांधून न्यायला पट्ट्याचा दस्त सोयीचा पडतो, म्हणून इंग्लंडमध्ये बहुतेक सदनिका आजही लीजहोल्डच आहेत. 999 वर्षांचा पट्टा असेल आणि भुईभाडं, म्हणजे जमिनीपोटी मालकाला द्यायचं भाडं, नाममात्र असेल, तर बाजार त्याला फ्रीहोल्डइतकाच भाव देतो. तेव्हा “लीजहोल्ड” या शब्दाला घाबरू नका. किती वर्षं राहिली, भाडं किती आणि अटी काय, हे बघा.

यात सगळ्यांचं गणित जिथे चुकतं ती जागा म्हणजे वर्षं आणि किंमत यांचं नातं. 99 पैकी 40 वर्षं गेली म्हणजे घराची 40 टक्के किंमत गेली असं लोक धरतात, किंवा उलट, अजून 59 आहेत, आपल्या हयातीत कुठे संपतंय, असं म्हणून विषय सोडून देतात. दोन्ही चूक. तुमचंच घर घेऊ. फ्रीहोल्ड असतं तर त्याचा भाव 100 आला असता असं समजा; एकक कुठलंही धरा. जमीनमालकाला हे 100 चं घर 59 वर्षांनी मिळणार. इतक्या उशिरा मिळणाऱ्या वस्तूची आजची किंमत काढायची तर व्याजाचा दर धरून उलटं यायचं. सालाना 5 टक्के धरू. इंग्लंडमध्ये सदनिकांसाठी हाच दर 2006 च्या स्पोर्टेली खटल्यापासून रुळलेला आहे.

5 टक्क्यांनी त्याच्या परतीच्या हक्काची आजची किंमत येते 5.6. पट्टा नवा कोरा, 99 वर्षांचा होता तेव्हा ती 1 सुद्धा नव्हती, 0.8 होती. 80 वर्षं उरली तेव्हा 2. पुढे बघा: 40 उरतील तेव्हा 14, 20 उरतील तेव्हा 38, आणि 10 उरतील तेव्हा 61. पहिली वीस वर्षं जवळजवळ फुकट जातात. शेवटची वीस घर खाऊन टाकतात. म्हणून वडिलांना आयुष्यभर काही जाणवलं नाही, आणि तुम्हाला एकदम जाणवलं.

पण नुसत्या या हिशोबाने तुमचा पट्टा 100 वजा 5.6, म्हणजे 94 ला विकला जायला हवा. रोखवाला 80 देतोय. मधले 14 कुठे गेले? थोडे त्याच्या खिशात, कारण त्याला ठाऊक आहे की तुम्हाला कर्जवालं गिऱ्हाईक मिळत नाहीये. उरलेले कुणाच्याच खिशात नाहीत. पट्टा आखूड झाला की कर्ज मिळत नाही, गिऱ्हाइकं कमी होतात, वर शेवटाची धास्ती. त्यामुळे बाजार पट्ट्याला त्याच्या गणितापेक्षा कमी भाव देतो. समजा नीट जाहिरात करून, घाई न करता तुमच्या घराला 84 मिळतील. तुमचे 84 आणि मालकाचे 5.6 मिळून 89.6 होतात. दोन तुकडे जोडले तर घर 100 चं. म्हणजे दोघे वेगळे असल्यामुळे 10.4 हवेत विरले आहेत, आणि तुम्ही दोघांनी एकत्र येऊन मुदत वाढवली की ते परत मिळतात. इंग्लंडच्या कायद्यात याला “मॅरेज व्हॅल्यू” म्हणतात, म्हणजे दोन हक्कांचं लग्न लावल्यावर होणारी वाढ. आपण जोडमूल्य म्हणू.

मुदतवाढीची सगळी घासाघीस या 10.4 वर चालते. मालक म्हणतो माझ्याशिवाय ते निर्माण होत नाही, तुम्ही म्हणता माझ्याशिवाय होत नाही, आणि दोघांचंही खरं असतं. निम्मे-निम्मे केले तर मालकाला 5.6 अधिक 5.2, म्हणजे साधारण 10.8 द्यावे लागतील. शिवाय इथून पुढचं भुईभाडं बंद होणार असेल तर त्याची एकरकमी भरपाई, तुमच्या मूल्यनिर्धारकाची आणि वकिलाची फी, आणि बऱ्याच ठिकाणी मालकाच्या वकिलाचा वाजवी खर्चसुद्धा. हे सगळं मिळून 12 धरा. 84 चं घर 12 घालून 100 च्या जवळ जातं. 4 वाचतात. फार मोठा फायदा नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण मुदतवाढ म्हणजे घबाड असं सांगणारे दलाल भेटतील. पण 80 देणाऱ्याला विकण्यापेक्षा 8 नी बरं आहे.

हेच दहा वर्षांनी करायला गेलात तर काय, तेही पाहा. 49 वर्षं उरलेली असतील. परतीचा हक्क 9.2 होईल. पट्ट्याला बाजारात, समजा, 75 मिळतील. जोडमूल्य 15.8, त्याचे निम्मे 7.9. मालकाला 17 च्या वर द्यावे लागतील, आणि हे घराचा भाव दहा वर्षांत जराही वाढला नाही असं धरून. भाव वाढला तर ते 17 वाढलेल्या भावावर.

हे निम्मे-निम्मे मी मनाने धरलेलं नाही, पण ते सगळीकडे लागू आहे असंही नाही. पत्रावरून आणि दोन फोटोंवरून तुमच्या दस्ताला कोणत्या देशाचा कायदा लागतो ते कळत नाही, आणि या विषयात देश बदलला की उत्तर बदलतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1993 च्या कायद्याने सदनिकाधारकाला मुदतवाढ मागण्याचा हक्कच दिला: उरलेल्या वर्षांत आणखी 90 मिळवायची आणि भुईभाडं शून्यावर आणायचं. जमीनमालक “देत नाही” म्हणू शकत नाही, किंमतीवर भांडू शकतो, आणि जमलं नाही तर न्यायाधिकरण किंमत ठरवतं. त्या कायद्यात 80 वर्षांची रेघ आहे. 80 च्या वर मुदत शिल्लक असेल तर जोडमूल्य मोजायचंच नाही. खाली आली की निम्मं मालकाला. म्हणून तिथे 81 वर्षांचा पट्टा असलेले लोक धावतपळत नोटीस देतात. 2024 मध्ये संमत झालेल्या नव्या कायद्यात जोडमूल्य काढून टाकायची आणि वाढ 990 वर्षांची करायची तरतूद आहे. पण कायदा संमत झाला म्हणजे त्यातली सगळी कलमं त्याच दिवशी लागू होतात असं नाही. तुमचं घर तिथलं असेल तर कुठलं कलम आज लागू आहे, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न.

जिथे असा हक्क नाही तिथे मालकाची मर्जी चालते, किंवा दस्तातलं कलम चालतं. मग जोडमूल्याचे निम्मे काय, मालक तीन चतुर्थांशही मागू शकतो. तुमच्याकडे एकच शस्त्र उरतं: तो नाही म्हणाला तर त्याच्या हातात आज फक्त 5.6 राहतात, तेही 59 वर्षांनंतरच्या घराच्या भरवशावर. रोख पैशाची गरज असलेला मालक हे समजतो.

99 वर्षं भरली की काय, याचं मूळ उत्तर कोरडं आहे: जमीन परत, आणि जमिनीला चिकटलेलं बांधकामही तिच्याबरोबर परत. सिंगापूरमध्ये हे शब्दशः घडलं. गेलांग भागातल्या रांगेतल्या 191 घरांचे 60 वर्षांचे पट्टे 31 डिसेंबर 2020 ला संपले आणि ती घरं भरपाईविना सरकारजमा झाली. निवासी पट्टा संपून घरं परत जाण्याचा हा त्या देशातला पहिलाच प्रसंग. तिथल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या सदनिका 99 वर्षांच्या पट्ट्याने दिल्या जातात, त्यामुळे त्या बातमीनंतर लाखो लोकांनी आपापल्या घराची वर्षं मोजली असणार. दुसऱ्या टोकाला चीन. तिथे घराखालच्या जमिनीचा हक्क 70 वर्षांचा, आणि 2021 पासून लागू झालेली नागरी संहिता म्हणते की तो आपोआप पुढे चालू राहील. मात्र त्यासाठी किती पैसे भरायचे ते तिने दुसऱ्या कायद्यांवर सोडलंय. इंग्लंड मधल्या वाटेने जातं. जुना, कमी भाड्याचा लांब निवासी पट्टा संपला तरी तिथे राहणाऱ्याला त्याच दिवशी बाहेर काढता येत नाही, 1989 च्या कायद्याने तो बाजारभावाने भाडं देणारा भाडेकरू होऊ शकतो. स्वतःच्या घरात भाडेकरू. भारतात 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात वेगळीच गंमत आहे: करारात उलट काही नसेल तर पट्टेदार आपण जमिनीवर उभारलेलं काढून नेऊ शकतो, फक्त जमीन घेतली होती तशी परत द्यायची. पाचव्या मजल्यावरच्या दोन खोल्या काढून कशा न्यायच्या ते कायदा सांगत नाही.

मुदत संपल्यावर मालक काही न बोलता भाडं घेत राहिला तर पट्टा चालूच आहे, अशी समजूत मी पुष्कळ ऐकली आहे. काही ठिकाणी त्यातून भाडेकरूचा एक हक्क तयार होतो खरा, पण तो महिन्यामहिन्याचा किंवा वर्षावर्षाचा, नोटिशीने तुटणारा. त्यावर घर विकता येत नाही. आणि दस्तात बहुधा घर “सुस्थितीत” परत द्यायचं कलम असतं, म्हणजे शेवटच्या पट्टेदाराला घर जाताजाता दुरुस्तीचं बिलही येऊ शकतं. शेवटच्या पंधरा-वीस वर्षांत इमारतीचं काय होतं ते बाहेरूनही ओळखता येतं. कुणीच गच्चीवर, पाइपांवर खर्च करायला तयार नसतं, कारण उपभोग दुसऱ्याच्या वाट्याला जाणार. गिलावा सुटलेला, लिफ्ट बंद आणि कर्ज द्यायला बँकांचा नकार, अशी इमारत दिसली की पट्ट्याचं वय विचारा.

आता दुसरा फोटो. तिथे लिहून देणाऱ्याने स्वतःला “मूळ पट्टेदार” म्हटलंय. म्हणजे तुमच्या वडिलांना पट्टा देणाऱ्याकडे जमीन नव्हतीच. त्याच्याकडेही पट्टाच होता, आणि त्याने त्यातून तुम्हाला पोटपट्टा दिला. अशा रचनेत मधल्या माणसाची मुदत तुमच्यापेक्षा बहुधा थोड्याच दिवसांनी जास्त असते. जे आपल्याकडे नाही ते तो देऊ शकत नाही. तो 50 वर्षं वाढवून देतो म्हणाला, गोड बोलला, कागदही केला, तरी वरच्या जमीनमालकाची सही त्यात नसेल तर तो कागद त्याची स्वतःची मुदत संपते तिथेच थांबतो. भुईभाड्याची पावती ज्याच्या नावाची, तोच जमीनमालक असं धरू नका. नोंदणी कार्यालयातून जमिनीच्या हक्काचा उतारा काढा, वरचा मालक कोण आणि मधले किती ते बघा, आणि बोलणी वरच्याशी सुरू करा.

दस्ताची उरलेली पानं तुम्ही पाठवली नाहीत. त्यात नूतनीकरणाचं कलम आहे का ते शोधा. असलं तर आनंद होईल, पण ते तीनदा वाचा. “परस्परसंमतीने ठरणाऱ्या भाड्याने नूतनीकरण करता येईल” असं असेल, आणि संमती झाली नाही तर भाडं कोण ठरवणार हे लिहिलेलं नसेल, तर त्या कलमातून फारसं काही हाती लागत नाही. मागणी कधी करायची याची खिडकीही असते: मुदत संपण्याआधी अमुक महिन्यांत, लेखी. ती चुकली तर हक्क गेला. आणि जवळजवळ नेहमी एक छोटं वाक्य असतं, की “पट्टेदाराने सर्व अटी पाळल्या असल्यास.”

या वाक्याची झळ माझ्या एका नातलगांना लागली. व्यवसायाची जागा, 30 वर्षांचा पट्टा, पुढच्या 30 चं स्वच्छ कलम. त्यांनी वेळेवर पत्र दिलं. मालकाने उत्तर पाठवलं की तीन वर्षांचं भुईभाडं थकलंय, सबब अट पाळलेली नाही. भाडं नाममात्र होतं, एका वेळच्या जेवणाइतकं. मालकाकडून मागणीचं पत्र येणं बंद झालं म्हणून त्यांनी भरणं बंद केलं होतं. दीड वर्ष भांडण चाललं, शेवटी तडजोडीत त्यांना ठरल्या भाड्याच्या कितीतरी पट मोजावं लागलं. तुमच्याकडे शेवटची पावती कुठल्या वर्षाची आहे ते आजच बघा. थकलं असेल तर भरा, आणि पोच घ्या. मालक पैसे स्वीकारत नसेल तर वकिलामार्फत पाठवून ते नाकारल्याचा कागद ठेवा.

बोलणी सुरू झाली की मालकाकडून बहुधा एक आकर्षक प्रस्ताव येईल: प्रीमियम, म्हणजे मुदतवाढीची एकरकमी किंमत, कमी घेतो, मुदत पुन्हा 99 करतो, फक्त भुईभाडं जरा वाढवू, आणि दर दहा वर्षांनी दुप्पट. आज ते भाडं 1 असेल तर 50 वर्षांनी 32 होतं, 90 वर्षांनी 512. इंग्लंडमध्ये अशा दुपटीच्या कलमांमुळे नवीकोरी घरं विकता येईनाशी झाली, बँकांनी पाठ फिरवली, आणि 30 जून 2022 पासून बहुतेक नव्या लांब निवासी पट्ट्यांवर भुईभाडं लावायलाच बंदी आली. तुम्ही घर विकायला निघालाय. मुदत वाढून भाडं असं फुगणार असेल तर तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकाची बँक पुन्हा नाहीच म्हणेल. प्रीमियम जास्त द्या, पण भाडं शून्य किंवा कायम स्थिर ठेवा. आणि मोघम “वाढवलं” असं पत्र घेऊन थांबू नका. मुदतवाढ करताना पुष्कळदा जुना पट्टा सोडून नवा लिहून घेतला जातो, तेव्हा घरावर तुमचं कर्ज असेल तर त्या बँकेची संमती आधी लागते, आणि नवा दस्त नोंदला गेला पाहिजे.

शेजाऱ्यांशी बोललात का? इमारतीत सगळ्यांचीच 59 उरली असणार, आणि बहुतेकांना ती 63 वाटत असणार. जिथे कायदा परवानगी देतो तिथे सदनिकाधारक मिळून जमिनीचा मालकी हक्कच विकत घेऊ शकतात. इंग्लंडमध्ये त्यासाठी किमान निम्म्या सदनिका सहभागी व्हाव्या लागतात. मग जमीनमालक तुमचीच कंपनी किंवा संस्था असते आणि मुदत 999 करायला फक्त कागदाचा खर्च येतो. स्वस्त आणि कायमचा उपाय तोच. पण सगळ्यांना एकत्र आणायला वेळ लागतो, आणि तुम्हाला विकायचंय, तेव्हा त्यासाठी विक्री अडवून ठेवू नका.

मग आता काय करायचं? रोखवाल्याला आठ-पंधरा दिवस थांबायला सांगा, “दस्ताची तपासणी चालू आहे” एवढंच कारण द्या. तोवर बँकेची अट लेखी मिळवा. कर्ज फिटल्यावर 40 वर्षं शिल्लक हवीत अशी ती असेल आणि पहिलं गिऱ्हाईक 18 वर्षांच्या कर्जाला तयार असेल, तर 84 च्या आसपास भाव मागून विकून मोकळ्या व्हा. मुदतवाढीची डोकेदुखी त्याची. ते जमलं नाही, आणि मालकाला नाकारता न येणारा मुदतवाढीचा हक्क तुमच्या कायद्यात असेल, तर नोटीस तुमच्या नावाने द्या आणि तिचा फायदा विक्रीबरोबर खरेदीदाराच्या नावे करून द्या. जिथे अशी सोय आहे तिथे विक्रेते असंच करतात. पैसे खरेदीदार भरतो, आणि ते धरून तुम्ही भाव ठरवता. हक्क नसेल आणि मालक 15 च्या वर अडून बसला, तर गणित उलटतं. 84 चं घर 100 चं करायला 16 गेले तर हातात काहीच नाही, वर सहा-आठ महिने गेले. तेव्हा रोखवाल्याला 80 ऐवजी 84 चा आकडा दाखवा, वरचा हिशोब समोर ठेवा, आणि 82 वर तुटलं तरी मी तुमच्या जागी असतो तर सही केली असती.

एक मात्र करा. कुणाशीही बोलताना “63 वर्षं आहेत” असं लिहून देऊ नका, जाहिरातीत तर नाहीच. विक्रीनंतर खरेदीदाराने पहिलं पान वाचलं, तर ती चार वर्षं तो तुमच्याकडे मागेल.